खतात रस्ता दक्षिणेला, जागेवर उत्तरेला: चतुःसीमेवरून प्लॉट कसा ओळखावा

प्रश्न: सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला, हद्दवाढ भागात एक मोकळा प्लॉट घ्यायचं चाललंय. मालकाच्या १९९६ च्या खरेदीखतात लिहिलंय: प्लॉट नं. १४, पूर्व-पश्चिम ३० फूट, दक्षिण-उत्तर ५० फूट, क्षेत्र १५०० चौ. फूट, पूर्वेस प्लॉट नं. १५, पश्चिमेस प्लॉट नं. १३, दक्षिणेस ३० फुटी रस्ता, उत्तरेस प्लॉट नं. २३. पण मालक जागेवर दाखवतात त्या प्लॉटला रस्ता उत्तरेला आहे. एजंट म्हणतो टायपिंगची चूक आहे, सगळ्या खतांत असतं. खरंच चूक आहे की प्लॉटच दुसरा आहे? हे कसं ओळखायचं?

उत्तर:

बयाणा दिला नसेल तर अजून देऊ नका. एजंट म्हणतो ती शक्यता आहे, पण तुमच्या वर्णनात दुसरीही एक शक्यता स्पष्ट दिसते. मालक तुम्हाला १४ नंबर नाही, त्याच्या पाठीला लागून असलेला २३ नंबर दाखवत असतील. दोन्ही प्लॉट एकाच लेआउटमधले, बहुधा एकाच मापाचे, पाठीला पाठ लावून. एकाचा रस्ता दक्षिणेला, दुसऱ्याचा उत्तरेला. मालकाने तीस वर्षांपूर्वी प्लॉट घेतला, मधल्या काळात बांधकाम केलं नाही आणि वर्षा-दोन वर्षांतून एकदा चक्कर मारली, एवढ्यावर अशी गल्लत सहज होते. त्यात लबाडी असेलच असं नाही. पण उद्या २३ नंबरचा मालक पुण्याहून येऊन उभा राहिला तर तुमचं बांधकाम त्याच्या जागेत असेल.

आता ओळखायचं कसं ते सांगतो. सुरुवात दिशांपासून करू नका. जुन्या खतांत सर्वांत कच्चा भाग दिशांचाच असतो, कारण खत लिहिणारा जागेवर गेलेला नसतो. त्याने लेआउटचा कागद समोर धरून कागदाची वरची बाजू उत्तर धरलेली असते. नकाशावरचा उत्तरेचा बाण दुसरीकडे असेल तर चारही दिशा फिरतात. म्हणून आधी दिशा बाजूला ठेवून शेजार वाचायचा.

खतातल्या रस्त्यावर मनाने उभे राहा आणि तोंड प्लॉटकडे करा. रस्ता दक्षिणेला आहे, म्हणजे तुमचं तोंड उत्तरेकडे. डाव्या हाताला पश्चिम, तिथे १३. उजव्या हाताला पूर्व, तिथे १५. पाठीमागच्या हद्दीला २३. हे कागदावर लिहून घ्या: डावीकडे १३, उजवीकडे १५, मागे २३. दिशा कितीही चुकल्या, नकाशा उलटा धरला, आडवा धरला, तरी हा क्रम बदलत नाही. प्लॉटची खरी ओळख या क्रमात आहे.

मग जागेवर जा, मालक दाखवतात त्या प्लॉटसमोरच्या रस्त्यावर तसंच प्लॉटकडे तोंड करून उभे राहा आणि तिन्ही शेजाऱ्यांचे प्लॉट नंबर काढा. शेजाऱ्याने तोंडी सांगितलेला नंबर धरू नका, त्याच्या खताची झेरॉक्स किंवा महापालिकेच्या मिळकत कराची पावती बघा. लाइट बिलावरचा पत्ता इथे पुरेसा नाही.

इथे तीनपैकी एक गोष्ट समोर येईल.

डावीकडे १३, उजवीकडे १५, मागे २३ निघाले, तर प्लॉट तोच आहे. रस्ता उत्तरेला असल्यामुळे तुमचं तोंड दक्षिणेकडे आहे, म्हणजे १३ प्रत्यक्षात पूर्वेला आणि १५ पश्चिमेला आहे. खत लिहिणाऱ्याने नकाशा उलटा वाचला आणि चारही दिशा एकदमच उलटल्या. ही खरी लेखनातली चूक. ती दुरुस्त होते.

डावीकडे २२, उजवीकडे २४ किंवा त्याच्या उलट, आणि मागे १४ निघाला, तर तुम्ही २३ नंबरवर उभे आहात. खत बरोबर आहे, दाखवलेली जागा चुकीची आहे.

तिसरी गोष्ट अशी की डावीकडे १५, उजवीकडे १३ आणि मागे २३. म्हणजे पूर्व-पश्चिम खताशी जुळते, फक्त दक्षिण-उत्तर उलटी आहे. ही सर्वांत संशयास्पद. नकाशा कसाही फिरवला तरी डावं-उजवं अदलाबदल होत नाही; नुसत्या दिशेच्या चुकीने असं घडू शकत नाही. एक तर टाइप करताना दोन ओळींची जागा खरोखर बदलली, नाही तर जागेवर लोकांनी गृहीत धरलेले नंबर लेआउटशी जुळत नाहीत. दोन्हीपैकी काय, हे मंजूर लेआउट बघितल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. ‘दोनच तर शब्द बदललेत’ म्हणून सोडून देतात ती बहुतेक हीच चूक असते.

तुमच्या खतातले आकडेच लेआउटबद्दल आणखी काही सांगतात. १४ च्या मागे २३ आहे. नंबर ओळीने जाऊन टोकाला वळून मागच्या ओळीत उलटे परत येत असतील, तर पाठीला पाठ लागलेल्या दोन नंबरांची बेरीज सगळीकडे सारखी येते. इथे ती ३७. म्हणजे १३ च्या मागे २४, १५ च्या मागे २२, आणि ओळ १८ वर संपून १९ पासून मागची ओळ सुरू. दोन्ही ओळी एकाच दिशेने मोजल्या असतील तर फरक सारखा येतो, इथे ९. मग १३ च्या मागे २२ आणि १५ च्या मागे २४. शेजारच्या एकाच घराचं खत हाती लागलं तरी यातली कुठली पद्धत आहे ते कळतं आणि बाकीची ओळ कागदावर मांडता येते.

यानंतर मंजूर लेआउटची नक्कल. एजंटकडच्या रंगीत ब्रोशरवर किंवा डेव्हलपरच्या हाताने काढलेल्या नकाशावर भागवू नका. सोलापूरची हद्दवाढ १९९२ ची. लेआउट त्यानंतर मंजूर झाला असेल तर नक्कल महापालिकेच्या नगररचना विभागात मागा. त्याआधीचा असेल तर बिनशेती आदेशासोबत मंजूर झालेला नकाशा महसूल खात्याच्या अभिलेखात शोधावा लागतो. बिनशेती आदेशाचा क्रमांक आणि तारीख मालकाच्या खतात किंवा त्याच्याही आधीच्या खतात सापडते. नक्कल मिळाली की तीन गोष्टी बघा: उत्तरेचा बाण, मंजुरीची तारीख, आणि ‘सुधारित’ असा शेरा. लेआउट नंतर सुधारला गेला असेल तर प्लॉटचे नंबर बदललेले असू शकतात. १९९६ च्या खतातला १४ हा त्या वेळी अमलात असलेल्या लेआउटमधला १४ आहे, आजच्या नाही.

सर्व्हे नंबरही याच वेळी तपासा. हद्दवाढीतल्या गावांच्या बऱ्याच खतांत जुना सर्व्हे नंबर आणि नवीन सर्व्हे नंबर असे दोन्ही लिहिलेले असतात, कधी त्यातला एकच असतो. एकाच गावात तोच आकडा एका जमिनीचा जुना नंबर आणि दुसऱ्या जमिनीचा नवीन नंबर असू शकतो. लेआउटवर, बिनशेती आदेशात, सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आणि खतात एकच जमीन चालू आहे ना, याची खात्री झाल्यावरच प्लॉट नंबरला अर्थ आहे. नाहीतर शेजारच्या लेआउटमध्येही एक १४ नंबर असतोच.

आता नंबर जागेवर उतरवायचा. मोकळ्या प्लॉटवर नंबर लिहिलेला नसतो आणि चुन्याने मारलेल्या रेघा किंवा रोवलेले दगड कोणी रोवले ते माहीत नसतं. म्हणून लेआउटमधली न हलणारी गोष्ट शोधा. दोन रस्त्यांचा कोपरा, लेआउटमधली खुली जागा, नाला, किंवा मूळ सर्व्हे नंबरची हद्द. तिथून टेप धरायचा. समजा १० नंबर कोपऱ्यावर आहे आणि लेआउटवर त्याचं तोंड ४० फूट लिहिलंय, पुढचे ११, १२, १३ प्रत्येकी ३० फूट. मग कोपऱ्यापासून १४ ची सुरुवात ४० अधिक ९०, म्हणजे १३० फुटांवर यायला हवी आणि शेवट १६० फुटांवर. आधीच्या घरमालकांनी कंपाउंड बांधताना फूट-दीड फूट इकडेतिकडे केलेलं असतं, त्यामुळे १३२ वर आलं तर घाबरू नका. १४५ वर आलं तर मात्र तुम्ही अर्धा १४ आणि अर्धा १५ बघताय. टेप दोन्ही टोकांकडून धरा: १० कडूनही आणि १८ कडूनही. सगळ्यांनी थोडी थोडी जागा जास्त घेतलेली असेल तर तूट मधल्या मोकळ्या प्लॉटवर येऊन साचते, आणि तुमचा प्लॉट मोकळा आहे. खतात ३० फूट आणि जागेवर २६ फूट असा प्रकार यातूनच होतो, आणि तो एका टोकाकडून मोजून कळत नाही.

शेजाऱ्यांची खतं मिळवण्याची खटपट मी नेहमी करायला सांगतो. १३ च्या खतात उजव्या हाताला १४ यायला हवा, १५ च्या खतात डाव्या हाताला १४, आणि २३ च्या खतात मागे १४. अलीकडच्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा थोडक्यात गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. जुन्यांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोधाचा अर्ज करून नक्कल घ्यावी लागते. पण या पुराव्याची मर्यादा लक्षात ठेवा. एकाच डेव्हलपरची सगळी खतं बहुधा एकाच दस्तलेखकाने एकाच मसुद्यावरून लिहिलेली असतात. त्याने दिशा उलट्या धरल्या असतील तर त्या सगळ्याच खतांत उलट्या असतील आणि एकमेकींशी अगदी व्यवस्थित जुळतील. त्यामुळे शेजाऱ्यांची खतं शेजार सिद्ध करतात, दिशा नाही. दिशेसाठी लेआउटवरचा बाण आणि प्रत्यक्ष जागा हेच बघायचं.

प्रत्यक्ष जागेची उत्तर मोबाइलच्या होकायंत्रावर ठरवू नका. लोखंडी गेट, सळया, उभी गाडी जवळ असली की काटा भरकटतो. उपग्रह नकाशा उघडा, त्यात उत्तर वर ठेवा आणि रस्त्याची रेघ बघा. किंवा हिवाळ्यात दुपारी साधारण साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली बघा, सोलापुरात ती उत्तरेला पडते. हे एवढ्यासाठी सांगतोय की आपल्याकडचे रस्ते सरळ पूर्व-पश्चिम नाहीत. विजापूर रोडसुद्धा तिरकाच जातो, आणि त्याला धरून पाडलेले लेआउटही तिरके आहेत. प्लॉट चाळीस-पंचेचाळीस अंश तिरका असेल तर एकाच बाजूला एक दस्तलेखक दक्षिण म्हणतो आणि दुसरा पूर्व. दोघेही खोटे नसतात. तिथे लांबी-रुंदी उपयोगी पडते. खतात पूर्व-पश्चिम ३० आणि दक्षिण-उत्तर ५० असेल, तर रस्त्याची बाजू ३० ची असायला हवी. खतात रस्ता दक्षिणेस लिहिलाय आणि जागेवर रस्त्याची बाजू ५० फूट भरली, तर प्रकरण तिरकेपणाचं नाही.

कायद्यात कशाला किती वजन, तेही सांगतो, कारण ‘प्लॉट नंबर बरोबर आहे ना, मग झालं’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम २१ प्रमाणे मिळकत ओळखता येईल असं वर्णन दस्तात असावं लागतं. पण दुय्यम निबंधक जागा बघायला जात नाही. दस्त नोंदला गेला म्हणजे वर्णन जागेशी जुळतं असं नव्हे. वर्णनातल्या गोष्टी एकमेकींशी भांडू लागल्या की न्यायालयं सर्वसाधारणपणे क्षेत्रापेक्षा आणि नंबरापेक्षा स्पष्ट, निश्चित चतुःसीमेला जास्त महत्त्व देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालात १०६० ऐवजी १६० असा प्लॉट नंबर पडला होता. बाकीचं वर्णन १०६० शी जुळत होतं, म्हणून ती नंबराची चूक मानली गेली आणि मिळकत १०६० च ठरली. याचा तुमच्या बाबतीत अर्थ असा की खतातली चतुःसीमा कच्ची सोडून चालणार नाही. उद्या वाद झाला तर आधी तीच वाचली जाईल. आणि ‘निश्चित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रस्ता, नाला, लेआउटमधला नंबर या निश्चित गोष्टी. ‘पूर्वेस लिहून देणार यांची उर्वरित जागा’ ही निश्चित गोष्ट नाही. मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेल्या गुंठेवारीच्या खतांत दोन-तीन बाजूंना हेच लिहिलेलं असतं, आणि असा तुकडा कागदावरून जागेवर कुठेही सरकवता येतो. तुमच्या खतात तसं नाही, हे तुमचं नशीब.

सरकारी मोजणी करावी का? करावी, पण तिच्याकडून काय मिळेल ते समजून. हद्द कायम मोजणीचा अर्ज उप अधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे करतात, अर्ज मिळकतीच्या नोंदलेल्या धारकाने करायचा असतो, म्हणजे इथे मालकाने. भूकरमापक लगतच्या धारकांना नोटीस देऊन येतो आणि अभिलेखातल्या नकाशाप्रमाणे हद्दी दाखवतो. त्या मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तो तुमच्या खताप्रमाणे मोजत नाही, अभिलेखाप्रमाणे मोजतो. लेआउट मंजूर झाल्यावर त्याची मोजणी होऊन कमी-जास्त पत्रकाने, म्हणजे क्षेत्रातला बदल नोंदवणाऱ्या कागदाने, प्लॉट स्वतंत्रपणे अभिलेखात उतरले असतील, तर तो १४ नंबरच्या चार कोपऱ्यांपर्यंत नेऊन उभा करेल. ते झालंच नसेल तर तो फार तर मूळ सर्व्हे नंबरची हद्द दाखवू शकेल, आणि आतला प्लॉट लेआउटवरून टेपनेच काढावा लागेल. म्हणून अर्जाआधी तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात एवढं विचारून घ्या की प्लॉट नं. १४ चा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका आहे का.

निष्कर्ष हाती आल्यावर पुढचं असं. दिशांचीच चूक निघाली, तर तुमचं खत होण्याआधी मालकाने चूक दुरुस्ती लेख करून नोंदवून घ्यावा, आणि तो मूळ विकणाऱ्याच्या, नाहीतर त्याच्या वारसांच्या सहीने. मालकाने एकट्याने प्रतिज्ञापत्र करून दिलं तर तेवढं पुरत नाही. ज्याने हक्क दिला त्यानेच वर्णन सुधारायला हवं. चूक त्याच्याही आधीच्या खतापासून चालत आलेली असेल तर सर्वांत जुन्या खतापासून दुरुस्ती सुरू करायची. सही करणारा सापडतच नसेल किंवा नकार देत असेल तर विशिष्ट साहाय्य अधिनियम १९६३ च्या कलम २६ खाली दिवाणी न्यायालयातून दस्त दुरुस्त करून घेता येतो, पण तो लांबचा रस्ता आहे. तुम्ही खरेदीदार आहात, तो तुमच्या डोक्यावर घेऊ नका, मालकाने घ्यावा.

मालक २३ दाखवतायत असं निघालं, तर दक्षिणेकडच्या रस्त्यावर जाऊन खऱ्या १४ वर काय आहे ते बघा. मोकळा असेल तर त्याच किमतीला तो तुम्हाला चालतो का, एवढाच प्रश्न उरतो. तिथे कोणाचं घर उभं असेल तर त्याचं खत बघा. कधीकधी २३ वाल्याने १४ वर बांधलेलं असतं आणि दोघे एकमेकांच्या प्लॉटवर असतात. तेव्हा त्या दोघांत नोंदणीकृत अदलाबदल पत्र झाल्यावरच तुम्ही पुढे जायचं. ‘ते नंतर बघू’ म्हणून खरेदी झाली की मालकाला ते बघायची गरजच उरत नाही.

आणि तुमचं नवीन खत होईल त्यात जुनी चतुःसीमा उतरवून काढू देऊ नका. मसुद्यात असं येऊ द्या: ‘मंजूर लेआउटप्रमाणे व जागेवर पाहणी केल्याप्रमाणे चतुःसीमा’, त्याखाली चार बाजू, प्रत्येक बाजूची लांबी फुटांत आणि मीटरमध्ये, रस्ता कुठल्या बाजूला आणि किती रुंदीचा. क्षेत्र १५०० चौ. फूट म्हणजे १३९.३५ चौ. मीटर, दोन्ही लिहा आणि बाजूंचा गुणाकार त्याच्याशी जुळतो का ते स्वतः करून बघा. दिशांची चूक निघाली असेल तर एक वाक्य जोडा की १९९६ च्या खतात दिशा अमुक लिहिल्या होत्या व अमुक क्रमांकाच्या चूक दुरुस्ती लेखाने त्या सुधारल्या आहेत. मंजूर लेआउटच्या नकलेवर १४ नंबर आडव्या रेघांनी रंगवून, उत्तरेचा बाण ठेवून, ती प्रत दोघांच्या सहीनिशी दस्ताला जोडा. ताबा घेताना १३ आणि १५ च्या मालकांना बोलवा, त्यांच्यासमोर चार कोपऱ्यांचे दगड रोवा आणि ताबा पावतीवर साक्षीदार म्हणून त्यांच्याच सह्या घ्या. २३ चा मालक सापडला तर त्याचीही.